फोन ठेवल्यावरची दहा मिनिटं

२२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादच्या एका व्यापारी पेढीचं आणि खामगावच्या एका जिनिंग फॅक्टरीचं फोनवर, म्हणजे तेव्हाच्या ट्रंक कॉलवर, बोलणं झालं. सौदा सरकीच्या पेंडीचा होता. माल मिळाला नाही म्हणून अहमदाबादकरांनी ३१,१५० रुपयांचा दावा लावला आणि तो आपल्याच गावच्या कोर्टात लावला. खामगावकर म्हणाले, सौदा खामगावात ठरला, तेव्हा अहमदाबादच्या कोर्टाला हा दावा चालवताच येणार नाही. फोनवर ठरलेला सौदा नेमका कोणत्या गावात ठरला, हा एवढाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्याचा निकाल १९६५ मध्ये लागला. तीनपैकी दोन न्यायमूर्तींनी सांगितलं, होकार जिथे ऐकू आला तिथे करार झाला, म्हणजे अहमदाबादेत. न्या. हिदायतुल्ला यांचं मत वेगळं पडलं. पेंड का आली नाही आणि पैसे कुणी कुणाला द्यायचे, हा मूळ तंटा त्या निकालात नव्हताच.

कायद्याचे विद्यार्थी हा खटला आजही वाचतात. आपल्यासारख्यांना त्यातून एवढं कळलं तरी पुरे, की तोंडी करारही करारच असतो. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे बहुतेक साध्या व्यवहारांना कागद लागत नाही. फोनवर 'हो' म्हटलं की बांधिलकी आली. अडचण पुढे येते. 'हो' दोघांनाही आठवत असतं, पण कशाला 'हो' म्हटलं ते एकाला एक आठवतं आणि दुसऱ्याला दुसरं. त्यात बहुतेक वेळा कुणी खोटं बोलत नसतं.

घराच्या फर्निचरचं काम घ्या. हे भांडण कसं उगवतं ते तिथे फार स्वच्छ दिसतं. समजा, पुण्यात एका फ्लॅटमध्ये वॉर्डरोबचं काम चालू आहे. कोटेशन रीतसर दिलेलं आहे: वॉर्डरोब ६ फूट रुंद, ७ फूट उंच, म्हणजे समोरून ४२ चौरस फूट, दर १,४०० रुपये, एकूण ५८,८०० रुपये आणि जीएसटी वेगळा. वॉर्डरोबच्या वर स्लॅबचा माळा आहे, उघडाच. एका दुपारी घरच्या बाई ठेकेदाराला फोन करतात.

"दादा, तो वरचा लॉफ्ट उघडा वाईट दिसेल हो. त्याचंही करून टाका ना त्यातच."

"होऊन जाईल मॅडम, काही टेन्शन नाही."

"आणि गणपतीच्या आधी सगळं आटपेल ना?"

"आरामात."

फोन पाऊण मिनिटात संपला आणि दोघंही खूश. आता दोघांच्या डोक्यात काय आहे ते पाहू. बाईंना वाटलं, एवढं मोठं काम दिलंय, तर लॉफ्टची दारं त्याच पैशांत होतील. ठेकेदाराला वाटलं, वाढीव काम मिळालं, बिलात लावू. बाईंच्या डोळ्यांपुढे आतूनही लॅमिनेट लावलेलं, बॅगा ठेवल्या तर भिंतीचा चुना लागणार नाही असं स्वच्छ कपाट आहे. ठेकेदाराच्या मनात फक्त चौकट आणि दोन दारं आहेत, कारण स्लॅबच्या माळ्याला आतून बॉक्स करायचा नसतो अशी त्याची समजूत. ज्यानं आजवर शंभर माळ्यांना नुसती दारं लावली, त्याला वेगळं काही सुचणारही नाही. 'गणपतीच्या आधी' म्हणजे बाईंच्या लेखी निदान आठवडाभर आधी, कारण भुसा झाडून, फरशी पुसून, मखर मांडायचं आहे. ठेकेदाराच्या लेखी चतुर्थीच्या आदल्या रात्री शेवटची बिजागरी बसली तरी काम वेळेत झालं.

पाऊण मिनिटाच्या बोलण्यात तीन फरक राहिले: पैशाचा, कामाच्या व्याप्तीचा आणि तारखेचा. रुपयांत बोलायचं तर माळा ६ बाय २ फूट, म्हणजे १२ चौरस फूट. नुसती दारं ७०० च्या दरानं ८,४०० रुपयांना पडतात. आतून पूर्ण बॉक्स केला तर वॉर्डरोबच्याच दरानं १६,८०० रुपये. बाईंच्या हिशेबी शून्य. या तीन आकड्यांतला कुठला खरा, हे कळण्याची वेळ साधारणपणे शेवटच्या बिलाला येते. तोवर दारं लागलेली असतात आणि ठेकेदाराचे शेवटचे २० टक्के पैसे बाईंकडे अडकलेले असतात.

हा फरक फोनवरच का सापडत नाही? मला वाटतं, फोनवर माणूस मुद्द्यापेक्षा सूर ऐकतो. समोरचा गोड बोलला की काम झालं असं वाटतं. शिवाय फोनवर मापं, दर, मजकूर असं काहीही डोळ्यांपुढे नसतं; एक जण स्कूटरवरून उतरून बोलत असतो, दुसऱ्याची कुकरची शिट्टी चालू असते. 'त्यातच' म्हणजे त्याच पैशांत की त्याच कामाच्या जोडीनं, हा प्रश्न त्या घाईत कुणाला पडत नाही. तो पडतो लिहायला बसल्यावर. लिहिणाऱ्याला वाक्य पूर्ण करावंच लागतं, आणि ते पूर्ण करताना आपण दर बोललोच नाही, हे त्याच्याच ध्यानात येतं.

म्हणून फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत एक मेसेज लिहायचा. अशा मेसेजचा उपयोग कोर्टात होईल म्हणून तो लिहावा, असं पुष्कळ जण सांगतात. होतोही. पण आठ हजारांसाठी कोर्टात जातो कोण? त्याचा खरा उपयोग त्याच संध्याकाळी होतो. तो वाचून समोरच्याला 'अहो, मी असं म्हटलंच नव्हतं' असं म्हणता आलं पाहिजे, आणि तेही प्लायवर करवत चालायच्या आधी. त्यासाठी मेसेज कसा असावा, तर असा:

"नमस्कार मॅडम. आज दुपारी फोनवर लॉफ्टबद्दल बोललो, ते लिहून पाठवतोय.

१. बेडरूमच्या वॉर्डरोबवरच्या माळ्याला दारं करायची. माप ६ × २ फूट, १२ चौ. फूट. यात फक्त चौकट आणि दारं आहेत. आतून प्लाय किंवा लॅमिनेट नाही.

२. दारांना बाहेरून वॉर्डरोबचंच लॅमिनेट, कोटेशनमधला शेड नंबर आणि फिनिश तेच.

३. काम गणपतीआधी हवं असं तुम्ही म्हणालात. मी चतुर्थीच्या आठ दिवस आधीची तारीख धरतोय. त्या दिवशी संध्याकाळी सफाई करून खोली ताब्यात देऊ.

फोनवर पैशाचं बोलणं राहिलं होतं. हे काम मूळ कोटेशनमध्ये नाही. दर ७०० रु. चौ. फूट, ८,४०० रु., अधिक १८ टक्के जीएसटी १,५१२ रु., एकूण ९,९१२ रु.

हँडल अजून ठरलेलं नाही. शनिवारपर्यंत तुम्ही सांगा.

यात काही वेगळं असेल तर लगेच फोन करा. तुमचा होकार आला की लॉफ्टचा प्लाय कापायला घेतो. तोवर लॉफ्टचं थांबवून बाकीचं काम चालू ठेवतो."

या मजकुरात काही गोष्टी मुद्दाम केलेल्या आहेत. 'फोनवर ठरल्याप्रमाणे लॉफ्टचं काम करत आहोत' एवढं एक वाक्य पाठवून बरेच जण मोकळे होतात. पण ते वाक्य वाचून बाई 'ओके' म्हणणार, आणि तिन्ही फरक होते तिथेच राहणार. दोघांचं ज्यावर आधीच एकमत आहे ते लिहून फारसं काही साधत नाही; गैरसमज जिथे होऊ शकतो नेमकं तिथे बोट ठेवायला हवं. 'आतून प्लाय किंवा लॅमिनेट नाही' हे वाक्य ठेकेदाराला लिहायला नको वाटतं, कारण त्यानं गिऱ्हाईक नाराज होईल अशी धास्ती असते. संपूर्ण मेसेजमधलं सगळ्यांत मोलाचं वाक्य तेच. काय येणार याबरोबर काय येणार नाही हेही लिहिलं, की वाचणारा थबकतो.

दुसरं असं की पैशाचा मुद्दा वरच्या तीन मुद्द्यांत घुसडलेला नाही. फोनवर तो निघालाच नव्हता आणि मेसेज तसं कबूल करतो. इथे पुष्कळ जणांचा मोह अनावर होतो. बोलण्यात नसलेली गोष्ट 'ठरल्याप्रमाणे' या शब्दाखाली लिहून टाकायची, समोरच्यानं नीट वाचलं नाही तर पचून जाईल या आशेनं. एकदा का गिऱ्हाईकाच्या हे लक्षात आलं, की पुढचा प्रत्येक मेसेज ते भिंगाखाली धरणार, आणि मग लिहिण्याचा फायदा संपला. फोनवर झालेलं एकीकडे, आपण आता नव्यानं मांडतोय ते दुसरीकडे, आणि अजून लोंबकळत असलेलं तिसरीकडे, हे वेगवेगळं दिसलं पाहिजे. हँडलसारखी न ठरलेली गोष्ट लिहायचं बहुतेकांना सुचत नाही. नंतर 'तुम्ही सांगितलंच नाही' आणि 'तुम्ही विचारलंच नाही' यांची जुगलबंदी बरेचदा तिच्यावरूनच होते.

तारखेबाबत एक चूक मात्र वरच्या मेसेजमध्येही आहे. 'चतुर्थीच्या आठ दिवस आधी' असं न लिहिता कॅलेंडर काढून तारीख आणि वार लिहावा. सण दोघांना माहीत असतो, पण त्यातून दिवस मोजायची पद्धत प्रत्येकाची आपापली.

आता उत्तराकडे येऊ. समजा, बाईंनी लिहिलं, "पण दादा, मला वाटलं लॉफ्ट त्यातच धरलाय." हे वाचून ठेकेदाराचं तोंड कडू होईल, पण मेसेजनं आपलं काम चोख केलेलं आहे. गैरसमज चव्हाट्यावर आला, आणि तो आला तेव्हा माळ्यासाठी एक फळीही कापलेली नाही. आता फोन करावा. घासाघीस मेसेजवर करू नये. लिहिलेला नकार ऐकलेल्या नकारापेक्षा नेहमी उद्धट वाटतो. समजा, फोनवर ठरलं की दारांचे ६,००० रुपये अधिक जीएसटी आणि हँडल बाईंनी आणून द्यायची. मग पुन्हा लिहायचं, पूर्णच्या पूर्ण, आणि वर एक ओळ टाकायची: 'दुपारच्या मेसेजऐवजी हा धरावा.' नुसतं 'पैसे ६,००० केले' एवढंच लिहिलं, तर महिन्यानंतर दोन मेसेज जुळवत बसावं लागतं आणि जीएसटी धरून की सोडून हा नवा वाद उभा राहतो.

उत्तरच आलं नाही तर? हा खरा नाजूक भाग. निळ्या खुणा दिसतात, म्हणजे मेसेज उघडला गेला. मान्य झाला असं नव्हे. काही जण शेवटी लिहितात, 'उद्यापर्यंत उत्तर न आल्यास मान्य आहे असे समजू.' असं एकतर्फी लिहून समोरच्याच्या गप्प बसण्याला होकार करता येत नाही, हे करार कायद्याचं फार जुनं तत्त्व आहे. वागण्यातून मात्र होकार दिसू शकतो. मेसेजनंतर बाईंनी लॉफ्टच्या कामाचे म्हणून पैसे पाठवले, किंवा त्याच दारांसाठी हँडल आणून दिली, तर पुढे 'मला हे माहीतच नव्हतं' म्हणणं त्यांना जड जाईल. म्हणून मुद्दा परत फिरवता येण्याजोगा असेल, म्हणजे सुतार मंगळवारी येईल की बुधवारी, तर उत्तराची वाट पाहू नये, कळवलं की झालं. पण कापलेला प्लाय जोडता येत नाही. पैसा वाढणार असेल किंवा वस्तू कापली, छापली, मागवली जाणार असेल, तर स्पष्ट होकार येईपर्यंत तेवढंच काम थांबवायचं आणि थांबवतोय हे लिहायचं. वरच्या मेसेजचं शेवटचं वाक्य त्यासाठी आहे. त्यात धमकी नाही, पण उत्तर देण्याची गरज आता बाईंना आहे.

अंगठ्याचं काय, असं कुणी विचारेल. कॅनडातल्या सास्काचेवान प्रांतात २०२३ मध्ये एक निकाल लागला. धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीनं जवसाच्या सौद्याचा फोटो शेतकऱ्याला फोनवर पाठवला आणि सौदा पक्का करा असं लिहिलं. शेतकऱ्यानं अंगठ्याचं चिन्ह टाकलं. पुढे जवस आलं नाही. शेतकरी म्हणाला, अंगठा म्हणजे कागद पोचला, एवढंच. कोर्टानं तो होकार धरला आणि ८२ हजार डॉलरहून अधिक भरपाई ठोठावली. वरच्या कोर्टानंही ते कायम केलं. कारण लक्षात घेण्यासारखं आहे: याच दोघांच्या आधीच्या सौद्यांत शेतकरी असंच तुटक, एका-दोन शब्दांत उत्तर द्यायचा आणि माल पोचवायचा. म्हणजे चिन्हापेक्षा त्या दोघांचा रिवाज निर्णायक ठरला. आपल्याकडे तो निकाल बंधनकारक नाही. अंगठा आला तर सरळ विचारावं, 'मॅडम, म्हणजे ९,९१२ ला करू ना?' त्यावर 'हो, करा' आलं की शंका उरत नाही.

आपल्याकडे लिहून मागणं म्हणजे अविश्वास, ही समजूत घट्ट आहे. ओळखीतून मिळालेल्या कामात तर जास्तच. आत्याच्या जावेच्या घरी फर्निचर करताना 'लेखी द्या' म्हणायची सोय नसते. त्यावर अनुभवी ठेकेदार एक साधा तोडगा काढतात. ते म्हणतात, "मॅडम, सुताराला पाठवायला लिहून ठेवतोय, एकदा नजर टाका." यात लबाडी काहीच नाही, कारण ते खरंच आहे. फोनवर ठेकेदार आणि घरमालक बोलतात, पण दारं करणारा सुतार त्या फोनवर नसतो. त्याला काम कळतं ते ठेकेदाराच्या तोंडून, अनेकदा हिंदीतून, मशिनच्या आवाजात. तोच लेखी मजकूर मापांसकट त्याच्याही मोबाइलवर गेला तर गैरसमजाची दुसरी पायरीही टळते. माझ्या मते अविश्वासाचा प्रश्न मजकुराच्या सुरानंच सुटतो. 'आपण कबूल केले आहे' असं लिहिलं की नोटीस वाटते; 'मला असं समजलं, बरोबर ना?' असं लिहिलं की माणूस वाचतो.

आणखी एक गोष्ट घरोघरी आढळते. फोनवर बोलतात बाई, पैसे देतात साहेब. बाईंनी लॉफ्टला हो म्हटलेलं साहेबांना बिल आल्यावर कळतं. अशा ठिकाणी मेसेज दोघं असलेल्या ग्रुपवर टाकावा. तिथे साइटचे फोटो, शुभ सकाळ आणि टाइल्सच्या चौकशा यांत तो वाहून जाण्याची भीती असते, म्हणून वाढीव कामाला क्रमांक द्यावा: 'वाढीव काम १', 'वाढीव काम २'. शोधायला सोपं पडतं. रक्कम मोठी असेल, समजा अख्खं किचन बदललं, तर मेसेजवर भागवू नये. सुधारित कोटेशन काढून ईमेलनं पाठवावं आणि 'आधीचं कोटेशन रद्द' असं त्यावर लिहावं.

हे फक्त ठेकेदारानंच करावं असंही नाही. घरमालकांनी स्वतः लिहिलं तर उलट चांगलं, कारण त्यांच्या मनातलं चित्र त्यांच्याच शब्दांत येतं: 'दादा, तुम्ही म्हणालात लॉफ्टही करून द्याल. आतून लॅमिनेटसकट ना? त्याचे वेगळे पैसे लागतील का?' दोन प्रश्नांत काम होतं.

प्रकरण खरंच चिघळलं तर हे मेसेज पुराव्यात येतात का? येतात, पण नुसता स्क्रीनशॉट छापून नेला की झालं, असं नाही. यावरचा महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातलाच आहे. जालना विधानसभा मतदारसंघातल्या २०१४ च्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर सोबत कायद्यानं सांगितलेलं प्रमाणपत्र लागतं. मूळ उपकरणच मालकानं कोर्टात हजर केलं तर गोष्ट वेगळी. जुना पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यातही प्रमाणपत्राची अट आहे. तेव्हा काम चालू असताना त्या चॅटवर आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू ठेवू नयेत, आणि फोन बदलण्याआधी चॅट जपून ठेवावं. व्हॉइस मेसेजवर ठरवाठरवी तर नकोच. दोन महिन्यांनी चार मिनिटांच्या ध्वनिफितीत ७०० चा आकडा कुठे होता ते शोधायला कुणाला वेळ आहे?

सगळे फोन असे लिहीत बसलं तर काम कधी करणार, हाही प्रश्न रास्तच. 'सुतार आज उशिरा येईल' याची नोंद कशाला? पैसा, माप, माल, तारीख किंवा जबाबदारी यांपैकी एकही गोष्ट फोनआधी होती त्याहून फोननंतर वेगळी झाली असेल, तरच लिहायचं. महिना-दीड महिन्याच्या कामात असे फोन थोडेच होतात. शेवटचं बिल करताना मूळ कोटेशनच्या ५८,८०० खाली 'वाढीव काम १, लॉफ्टची दारं' अशी ओळ येते, तिच्यापुढे होकाराची तारीख लिहायची. ती तारीख असली की घासाघीस फारतर हँडलच्या स्क्रूंवरून होते.